सोलापुरातल्या पश्चिमेच्या खिडकीला झडप, जाळी आणि ग्रिल कशी ठरवावी

घर बांधताना खिडकीचं काम साधारण तीन हातांतून जातं. काचेची खिडकी ॲल्युमिनियमवाला बसवतो, ग्रिल वेल्डर करून देतो आणि मच्छरजाळीची आठवण होते ती राहायला गेल्यावर, पहिल्या आठवड्यात डास फोडून काढतात तेव्हा. तिघांची आपसात गाठही पडत नाही. मग ग्रिलमुळे झडप उघडत नाही, जाळीमुळे कडीपर्यंत हात जात नाही, आणि चार फूट रुंद खिडकी असूनही रात्री खोलीत वारा म्हणून येत नाही.

म्हणून तिन्ही गोष्टी एकाच कागदावर, एकाच वेळी आणि याच क्रमाने ठरवा: आधी झडप, मग जाळी, शेवटी ग्रिल. उदाहरणाला जुळे सोलापुरातल्या एका रो हाऊसची वरची बेडरूम घेऊ. खोली दहा बाय बाराची, पश्चिमेच्या भिंतीत चार बाय चारची एकच खिडकी, समोर पूर्वेच्या भिंतीत दार. अशा खोल्या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि उन्हाळ्यात सगळ्यात जास्त त्याच तापतात.

खिडकी कधी उघडायची, यावर बाकी सगळं ठरतं

एप्रिल-मे महिन्यात सोलापुरात दुपारी पारा चाळिशीच्या वर असतो. तेव्हा बाहेरचा वारा घरात घेणं म्हणजे भट्टीचं तोंड उघडणं. पण इथली हवा कोरडी असल्यामुळे सूर्य मावळला की बाहेरची हवा घराच्या भिंतींपेक्षा लवकर निवते. त्यामुळे दिवसा खिडकी घट्ट बंद आणि अंधार पडल्यावर सताड उघडी, हाच इथला खरा हिशोब. पश्चिमेच्या खिडकीला तो आणखी लागू पडतो, कारण दुपारी दोननंतरचं ऊन तिच्यावर तिरपं येतं आणि छज्जा ते अडवू शकत नाही. पण उन्हाळ्यात संध्याकाळनंतरची झुळूक येते तीही बहुतेक याच बाजूने.

अडचण अशी की उघडायची वेळ आणि डासांची वेळ एकच. त्यात आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, दिवसांआड येतं, म्हणून घरोघर बॅरल, टाक्या, हौद भरून ठेवलेले असतात. साठवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंगी पसरवणारा एडिस डास वाढतो आणि तो दिवसाही चावतो. रात्री कानाशी गुणगुणणारे क्युलेक्स डास गटारीतून येतात. त्यामुळे जाळी नुसती रात्रीपुरती लावून भागत नाही, आणि वाऱ्यासाठी जाळी उघडी ठेवू म्हटलं तर तेही परवडत नाही. जाळी कायम राहणार हे धरूनच खिडकीचं माप काढायचं.

सोळा चौरस फुटांतून वारा किती येतो

हा हिशोब एकदा हाताने करून बघा. बहुतेक घरांत हल्ली तीन ट्रॅकची सरकती खिडकी बसते, दोन काचेची शटर आणि एक जाळीचं. चार बाय चारची ही खिडकी पूर्ण उघडली तरी एक काच दुसरीमागे जाते, म्हणजे अर्धी खिडकी कायम झाकलेलीच. सोळातले आठ चौरस फूट उरतात. फ्रेमची जाडी वजा केली की सात. त्यावर जाळी आली. नेहमीच्या मच्छरजाळीत धाग्यांची जाडी वगळता दोन तृतीयांश जागाच मोकळी असते, म्हणजे राहिले साडेचार. ग्रिलचे गज आणखी थोडं खातात. हाती लागतात चार चौरस फूट. सोळा चौरस फुटांचे पैसे मोजून वाऱ्याला मिळाला चौथा हिस्सा.

आता त्याच भोकाला बाहेर उघडणाऱ्या दोन झडपा लावल्या तर जवळजवळ सगळी खिडकी मोकळी होते. चौकट आणि जाळीच्या झडपेच्या पट्ट्या वजा जाऊन बारा चौरस फूट धरा. जाळीनंतर आठ, ग्रिलनंतर सात. भिंत तीच, भोक तेच आणि वारा जवळपास पाऊणपट जास्त. हा कागदावरचा हिशोब आहे. झुळूक मंद असेल तेव्हा जाळी याहूनही जास्त वारा अडवते, आणि म्हणूनच मूळ उघडी जागा मोठी असणं महत्त्वाचं.

"साहेब, झडपा आता कोण लावतंय? सगळे स्लायडिंगच घेत्यात," असं फॅब्रिकेटर हमखास सांगतो. त्याचं म्हणणं अगदीच चूक नाही. सरकत्या खिडकीला बाहेर जागा लागत नाही, वाऱ्याने ती आपटत नाही, आणि त्यालाही ती बसवायला सोपी जाते. खिडकीबाहेर लगेच जाण्यायेण्याचा बोळ असेल आणि झडप माणसाच्या डोक्याला लागणार असेल, तर सरकतीच घ्या. हॉलला दोन बाजूंनी खिडक्या असतील तरी सरकती चालते. पण एकच खिडकी असलेल्या पश्चिमेच्या बेडरूमला मी झडपच सांगतो. वळवाच्या आधी जी धुळीची वावटळ उठते ती सरकत्या खिडकीच्या ट्रॅकमध्ये बसते, त्यावर पाऊस पडला की तिचा चिखल होतो आणि खालची चाकं जाम होतात, हेही त्यामागचं एक कारण.

वारा आत यायला बाहेर पडायची वाटही लागते, हे मात्र कुठलाच खिडकीवाला सांगणार नाही. रात्री बेडरूमचं दार बंद असतं. आपल्या उदाहरणात दार बंद केलं की खोली म्हणजे बूच मारलेली बाटली. खिडकी कितीही मोठी करा, वारा खिडकीत येऊन परत जाईल. उपाय म्हणजे दाराच्या चौकटीवर तीन फूट बाय सव्वा फुटाचा झरोका. त्याला आडव्या तिरप्या पट्ट्या लावल्या की खासगीपणही राहतो. बांधकाम झालेलं असेल तर दाराच्या वरच्या फळीत पट्ट्या बसवून घेता येतात. बसवल्यावर खिडकीपाशी उदबत्ती लावा आणि दार लावून घ्या. धूर झरोक्याकडे सरकला पाहिजे. जागच्या जागी सरळ वर गेला तर वाट अजून अपुरी आहे.

झडपेची बिजागरी कुठल्या बाजूला, यानेही फरक पडतो. पश्चिमेच्या खिडकीला वारा समोरून येतो, तिथे दोन्ही झडपा काटकोनात उघडून ठेवल्या की झालं. पण खिडकी दक्षिणेच्या भिंतीत असेल आणि वारा पश्चिमेकडून भिंतीला घासून जात असेल, तर पूर्वेच्या कडेला बिजागरी असलेली झडप उघडी ठेवा. ती वाऱ्याच्या आडवी येते आणि वारा आत वळवते. पश्चिमेच्या कडेची झडप अर्धवट उघडी ठेवलीत तर तीच वाऱ्याला आडोसा करते.

जाळी: भोक मोजा, मग कडा बघा

दुकानात जाळी बघताना एक पट्टी सोबत न्या. जाळीवर ठेवून एका इंचात किती भोकं बसतात ते मोजा. एका बाजूने अठरा आणि दुसऱ्या बाजूने सोळा भरली, तर ती डासांसाठी नेहमीची योग्य जाळी. दहा-बारा भरली तर भोकं मोठी आहेत, लहान डास शिरेल. 'धूळही येणार नाही' म्हणून त्याहून फार बारीक जाळी दाखवतात, ती बेडरूमला घेऊ नका. धूळ तरीही येते, वारा मात्र घटतो, आणि बारीक भोकं लवकर बुजतात.

फायबरची जाळी स्वस्त आणि मऊ असते, आणि वरच्या मजल्याला ती पुरते. तळमजल्यावर किंवा झाड जवळ असेल तिथे स्टेनलेस स्टीलची घ्या, कारण उंदीर आणि खारी फायबर कुरतडतात आणि मांजर नखांनी फाडते. रंग काळा किंवा गडद राखाडी घ्या. पांढरी जाळी दुकानात स्वच्छ दिसते, पण तिच्यावर उजेड चमकतो आणि बाहेरचं धुरकट दिसतं. काळ्या जाळीतून नजर आरपार जाते.

चिकटपट्टीने फ्रेमला लावायची जाळी भाड्याच्या घरात ठीक आहे. इथल्या उन्हात पश्चिमेच्या भिंतीवर तो गोंद मऊ पडतो आणि कोपरे आधी सुटतात. घडी होऊन सरकणारी जाळी दिसायला छान, पण तिच्या घड्यांत आणि दोऱ्यांत धूळ अडकते. ज्या घरात ती हलक्या हाताने वापरली जाईल आणि नियमित पुसली जाईल तिथेच ती लावा.

आपल्या खिडकीला आत उघडणारी, बिजागरीची जाळीची झडप सगळ्यात बरी. जुन्या घरांतल्या लाकडी खिडक्या आठवा: मधे गज, बाहेर उघडणारी काचेची किंवा फळीची झडप आणि आत उघडणारी जाळीची. तीच रचना आजही चालते, फक्त साहित्य बदललं. संध्याकाळी जाळी क्षणभर उघडायची, गजांतून हात घालून झडप ढकलायची, अडकवायची आणि जाळी परत लावायची. यासाठी चौकटीला दोन्ही बाजूंनी खाच हवी. ॲल्युमिनियम घेत असाल तर काचेची फ्रेम भिंतीच्या बाहेरच्या कडेला, ग्रिल भिंतीच्या जाडीत मधे आणि जाळीची फ्रेम आतल्या कडेला, असं बसवून घ्या.

डास जाळीतून येत नाही, कडेतून येतो. जाळीच्या झडपेला चारही बाजूंनी रबर किंवा केसाळ पट्टी हवी आणि दोन झडपा जिथे भेटतात तिथे एक दुसरीवर चढली पाहिजे. तपासणी रात्री करा. खोलीत दिवा लावून गॅलरीतून किंवा गच्चीवरून खिडकीकडे बघा. कडेने उजेडाची रेघ दिसली, तर तिथून डास येणारच. सरकत्या खिडकीत आणखी दोन जागा असतात. काचेचं शटर अर्धवट उघडं राहिलं की त्याची कड जाळीच्या कडेशी जुळत नाही आणि मधे बोटभर फट राहते. म्हणून उघडायचं तर पूर्ण, नाहीतर बंदच. दुसरी जागा म्हणजे खालच्या ट्रॅकमधली पाणी जायची भोकं. ती बुजवू नका, नाहीतर पावसात पाणी उलटं घरात येईल. त्यावर जाळीचा लहान तुकडा लावा.

शहराच्या पूर्व भागात घराशेजारी माग चालत असतील, तर जाळीवर धुळीसोबत कापसाचे तंतूही बसतात. उजेडात जाळी पांढुरकी दिसायला लागली की भोकं बुजलीत असं समजा. आधी कोरडा मऊ ब्रश फिरवा, नंतर ओलं फडकं. सुरुवातीलाच पाणी मारलं तर तंतूंचा लगदा होऊन भोकांत घट्ट बसतो. म्हणूनच जाळीची झडप बिजागरीतून उचलून काढता येईल अशी करून घ्या. न्हाणीघरात नेऊन धुता येते.

ग्रिल: फट, वजन आणि बाहेर पडायची वाट

ग्रिलची पहिली ओळ मापाची: दोन गजांमधली मोकळी फट कुठेही चार इंचांपेक्षा कमी हवी, म्हणजे लहान मूल त्यातून जाणार नाही. नक्षीच्या ग्रिलमध्ये गोची इथेच होते. वेल, फूल, मोर काढताना कुठेतरी एखादी जागा सात-आठ इंचांची मोकळी राहते. शिवाय वळणावळणाच्या पट्ट्यांवर मूल पाय ठेवून सहज चढतं, आणि धूळ पुसायला घरातल्या माणसाचा जीव जातो. बेडरूमला उभे सरळ गज घ्या. नक्षीची हौस असेल तर ती सगळ्यात वरच्या पट्ट्यात करा, तिथे ना पाय पोचतो ना रोज फडकं.

आपल्या चार बाय चारच्या खिडकीला बारा मिलिमीटरचे भरीव चौकोनी गज, केंद्रापासून केंद्रापर्यंत चार इंचांवर लावले, तर अकरा गज बसतात. मोकळी फट साडेतीन इंच राहते. मोठ्या माणसाचा हात जातो, मुलाचं डोकं जात नाही. बाहेरची चौकट आणि मधल्या दोन आडव्या पट्ट्या पंचवीस बाय पाच मिलिमीटरच्या. या आडव्या पट्ट्या दिखाव्यासाठी नाहीत. लांब गज मधे वाकवून फट मोठी करणं सोपं असतं. पट्टीमुळे तो दर सोळा इंचांवर धरला जातो. पट्टीला भोक पाडून गज त्यातून ओवलेला हवा. नुसता वरून वेल्डिंगचा ठिपका दिला असेल तर तो जोर लावल्यावर सुटतो.

आता वजन. बारा मिलिमीटरचा चौकोनी गज मीटरला १.१३ किलो भरतो. अकरा गजांचे साडेतेरा मीटर, म्हणजे पंधरा किलो. पट्टी मीटरला एक किलोच्या आसपास आणि ती सव्वासात मीटर लागते. एकूण २२ किलोच्या थोडं वर. तेच गज दहा मिलिमीटरचे वापरले तर ग्रिल १८ किलोच्या आत येते. वेल्डर किलोवर दर सांगत असेल तर ग्रिल तुमच्यासमोर काट्यावर ठेवायला सांगा. नगावर किंवा चौरस फुटावर सांगत असेल तरी वजन करा, कारण कमी भरली तर गज पातळ आहे किंवा भरीव नाही. पोकळ पाइपची ग्रिल हलकी आणि गुळगुळीत दिसते, पण पातळ पाइप करवतीने लवकर कापला जातो. गजावर किल्ली मारून बघा, पोकळ असेल तर आवाजातच कळतं.

ग्रिल फ्रेमला स्क्रूने लावू नका, भिंतीत पकडवा. चौकटीला मागे होल्डफास्ट म्हणजे लोखंडी पट्ट्या वेल्ड करून त्या काँक्रीटमध्ये गाडायच्या, किंवा तयार भिंतीत अँकर बोल्ट मारून त्यांची डोकी वेल्ड करायची. बाहेरून स्क्रू ड्रायव्हरने निघणारी ग्रिल चोराला कितपत अडवणार? वेल्डिंगची सगळी कामं रंगाच्या आधी उरकली पाहिजेत. पावडर कोटिंग करून आणलेल्या ग्रिलला जागेवर वेल्डिंग केलं की तिथला थर जळतो आणि पहिला गंज नेमका त्याच ठिपक्याला येतो. साधी लोखंडी ग्रिल, वेल्डिंगची काजळी झाडून, रेड ऑक्साईडचे दोन हात आणि वर ऑइल पेंट, एवढं सोलापूरच्या कोरड्या हवेत चांगलं टिकतं. स्टेनलेसचा खर्च इथे मला पटत नाही.

काळजी मात्र एका गोष्टीची घ्या. २०२५ च्या मे महिन्यात अक्कलकोट रस्त्यावरच्या एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागली आणि आत राहणारी माणसं अडकून दगावली. घराला एकच जिना असेल आणि प्रत्येक खिडकीला पक्की ग्रिल, तर आपलं घरही तसंच. प्रत्येक मजल्यावर निदान एका खिडकीच्या ग्रिलमध्ये दोन फूट रुंद आणि तीन फूट उंच असा भाग बिजागरीवर उघडणारा ठेवा. कुलूप आतून. किल्ली खिडकीशेजारी खिळ्याला, पण बाहेरून हात घालून मिळणार नाही इतक्या अंतरावर, आणि घरातल्या सगळ्यांना ठाऊक असलेली. उघडणारा भाग बाहेरच्या झडपेच्या आड येत नाही ना आणि खाली उतरायला छज्जा किंवा शेजारची गच्ची आहे ना, हे खिडकी निवडतानाच बघा.

भिंतीबाहेर पिंजऱ्यासारखी काढलेली ग्रिल कुंड्यांसाठी अनेकांना आवडते. पश्चिमेच्या बेडरूमला ती नको. तिच्यामुळे बाहेरची झडपच उघडता येत नाही, चोराला वरच्या मजल्यावर चढायला ती शिडी होते, आणि कुंडीखालच्या ताटल्यांत साचलेल्या पाण्यात डास जाळीच्या अगदी पलीकडेच अंडी घालतो.

दिसणं आणि ऑर्डरचा कागद

दिसण्याचं बरंचसं काम रेषा जुळवण्याने होतं. दोन झडपा जिथे भेटतात त्या मधल्या रेषेवर ग्रिलचा मधला गज आला पाहिजे. अकरा गज असले की सहावा बरोबर मधे येतो, म्हणून गजांची संख्या विषम ठेवा. ग्रिलचा रंग गडद घ्या. आतून बघताना पांढरे गज डोळ्यांत भरतात आणि काळसर गज बाहेरच्या उजेडात विरून जातात. समोरच्या सगळ्या खिडक्यांची ग्रिल एकाच धाटणीची असली की घर बाहेरूनही नीटस दिसतं.

ऑर्डर देण्याआधी तिन्ही कारागिरांना एकाच कागदावर खिडकीचा आडवा छेद काढून द्या: बाहेरून आत झडप, ग्रिल, जाळी, आणि त्यांतली अंतरं. त्यावर झडपेच्या मुठीची जागा खुणावून ठेवा. मूठ दोन गजांच्या फटीसमोर यायला हवी, गजामागे आली तर रोज बोटं खरचटतील. झडप अडकवायची पट्टी खालच्या चौकटीला, गजांतून हात पोचेल इतक्या जवळ. छज्जाखाली दोन हूक आत्ताच लावून घ्या, म्हणजे उन्हाळ्यात वाळ्याचा किंवा बांबूचा पडदा बाहेरून सोडता येतो. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. आतला पडदा लावेपर्यंत उष्णता खोलीत शिरलेली असते. गुंडाळलेला पडदा झडपेच्या वरच्या कडेपेक्षा उंच राहील, एवढं हुकांचं माप ठेवा.

शेवटचं बिल देण्याआधी झडपा आपल्या हाताने उघडून बंद करून बघा, जाळी काढून परत बसवून बघा, ग्रिलचं कुलूप डोळे मिटून लावून उघडून बघा. आणि बिजागऱ्या, पट्टी, रबर यांचा एक-एक जादा नग वेल्डर आणि ॲल्युमिनियमवाल्याकडून तेव्हाच मागून घ्या. दोन वर्षांनी तेच माप मिळेलच असं नाही.